आंबटही आणि कडूही: फ्लॅट असो की कॉनिकल, ग्राइंडरचा हा दोष कुठे शोधायचा

लातुरात माझं कॉफी भाजायचं छोटं दुकान आहे. भाजलेले दाणे घेऊन जाणारी मंडळी महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःचा ग्राइंडरही घेऊन येतात, आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "दादा, कॉफी आंबट बी लागायली अन् कडू बी. कॉनिकल काढून फ्लॅट घेऊ का?" ग्राइंडरमध्ये दाणा दळणाऱ्या पोलादी दातेरी जोडीला बर म्हणतात, आणि फ्लॅट व कॉनिकल हे त्या बरचे दोन आकार. गेल्या सात वर्षांत या एका वाक्यावर मी इतके ग्राइंडर उघडले की आता कोणत्या क्रमाने काय बघायचं ते हाताला पाठ झालंय. तोच क्रम इथे लिहितो. आधी फुकटातले उपाय, मग थोड्या खर्चाचे, आणि शेवटी स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा लागतो ते.

लक्षणं

पहिल्या घोटाला जिभेच्या कडेला कच्च्या चिंचेसारखा आंबटपणा लागतो आणि गिळल्यावर घसा कोरडा पडतो, कात खाल्ल्यासारखा. दळण जाड केलं की कडूपणा जातो पण आंबट वाढतं, बारीक केलं की उलट. मधला चांगला आकडा सापडतच नाही. कागदाच्या फिल्टरमधून पाणी सुरुवातीला भराभर उतरतं आणि शेवटचं पन्नास-साठ मिली तुंबून राहतं. ओतून झाल्यावर कागदाच्या भिंतीला चिखलासारखा गुळगुळीत थर दिसतो आणि तळाच्या चोथ्यात बोटाला टोचणारे मोठे तुकडे लागतात.

ही सगळी लक्षणं एकत्र असतील तर दळणात कण्याही जास्त आहेत आणि पीठही जास्त आहे. कण्यांच्या आत पाणी पोचायच्या आधी वेळ संपते, म्हणून त्यांच्यातून आंबटच उतरतं. पिठातून पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळं निघून जातं आणि नंतर तुरटपणा निघत राहतो. एकाच कपात दोन्ही चवी येतात त्या अशा. मधला रवा, ज्याच्यासाठी आपण ग्राइंडर घेतला, तो कमी पडतो.

दोष कोणता आणि स्वभाव कोणता

तपासणी सुरू करायच्या आधी हे समजून घेतलेलं बरं, कारण कित्येक जण स्वभावालाच दोष समजून नवा ग्राइंडर घेऊन बसतात.

ज्यांनी घरी जातं पाहिलंय त्यांना फ्लॅट बर समजायला अवघड नाही. एकमेकांवर ठेवलेल्या दोन तळ्या, मध्ये भोक, त्यात वैरण घालायची आणि पीठ कडेने बाहेर. फ्लॅट बर म्हणजे तसंच जातं, फक्त दगडाऐवजी पोलादाच्या दोन दातेरी चकत्या. दाणा मध्यभागी पडतो, आतले मोठे दात त्याचे तुकडे करतात, फिरण्याच्या जोराने ते तुकडे बाहेरच्या कडेकडे फेकले जातात, आणि कडेच्या अरुंद पट्ट्यातून जेवढी फट आहे तेवढे होऊनच बाहेर पडतात. ही फट सगळीकडे सारखी असेल तर कणही बरेचसे सारखे निघतात.

कॉनिकल बरमध्ये एक दातेरी शंकू एका दातेरी कडीच्या आत फिरतो. दाणा वरून पडतो, शंकूचे पीळ त्याला खाली ओढतात, फट खाली जाताना अरुंद होत जाते आणि दळण आपल्याच वजनाने खाली गळतं. हा फेरा हळू चालतो, जोर कमी लागतो, म्हणून हाताने फिरवायचे ग्राइंडर बहुतेक सगळे कॉनिकलच असतात. दाणा वेगवेगळ्या कोनांतून चेपला जातो, त्यामुळे कणांच्या मापांचा पसारा सहसा थोडा रुंद असतो आणि पिठाचं प्रमाण थोडं जास्त.

पीठ दोन्हीकडे निघतंच. भाजलेला दाणा ठिसूळ असतो, तो फुटला की मोठ्या तुकड्यांबरोबर भुकटी उडणारच. शंभर मायक्रॉनच्या आतल्या या भुकटीचा वेगळा ढीग प्रत्येक ग्राइंडरच्या मोजमापात दिसतो, मग तो कितीही महाग असो. प्रश्न फक्त तो ढीग किती मोठा आहे आणि मुख्य ढीग किती पसरट आहे, एवढाच.

कपात याचा परिणाम असा. चांगल्या स्थितीतल्या कॉनिकलची कॉफी जरा दाट लागते, जिभेवर वजन जाणवतं, गोडवा आणि बाकीच्या चवी एकमेकांत मिसळून येतात. चांगल्या स्थितीतल्या फ्लॅटची कॉफी पातळ पण स्वच्छ लागते, संत्र्याचा आंबटपणा वेगळा, गुळाची गोडी वेगळी अशी ओळखू येते. चिकमगळूरचा वॉश्ड दाणा हलका भाजून घेतलात तर हा फरक चटकन कळतो, जास्त भाजलेल्या दाण्यात फारसा कळत नाही. २०१३ च्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत मॅट पर्गर यांनी ९८ मिमी फ्लॅट बरचा ईके-४३ हा मोठा दुकानी ग्राइंडर एस्प्रेसोसाठी वापरून दाखवला, तेव्हापासून फ्लॅट म्हणजे स्वच्छ चव हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पण एस्प्रेसोसाठी बनवलेल्या कित्येक जुन्या फ्लॅट बरमधून कॉनिकलइतकंच पीठ निघतं. दातांची घडण, बरचा व्यास आणि तो किती सरळ बसवलाय, या तीन गोष्टी आकाराइतक्याच, कधी आकाराहून जास्त बोलतात.

तेव्हा कॉफी दाट आहे, गोड आहे, पण चवी वेगळ्या ओळखू येत नाहीत, एवढीच तक्रार असेल तर तुमच्या कॉनिकलमध्ये काही बिघाड नाही. त्याचा स्वभाव तसा आहे. पुढची तपासणी आंबट-कडू एकत्र येणाऱ्यांसाठी.

मागच्या उन्हाळ्यात अंबाजोगाईहून एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आला होता. हातग्राइंडर विकून त्याने ६४ मिमी फ्लॅट बरचा विजेवरचा ग्राइंडर घेतला होता, आणि कॉफी आधीपेक्षा वाईट झाली होती. १५ ग्रॅम कॉफी, २४० मिली पाणी, आणि उतरायला ४ मिनिटं ४० सेकंद. त्याच्याच ग्राइंडरवर एकेक पायरी कशी गेली ते सोबत सांगत जातो.

पहिली तपासणी: फिल्टर बाजूला ठेवा

हिला काही खर्च नाही. काचेच्या ग्लासात १२ ग्रॅम कॉफी, रोजच्याच मापाची दळलेली, आणि त्यावर उकळी बसल्यावरचं २०० मिली पाणी. चार मिनिटं हात लावू नका. मग वरची साय चमच्याने मोडा, फेस काढून टाका, आणखी सहा-सात मिनिटं थांबून चमच्याने प्या.

इथे कागद नाही, ओतणं नाही, त्यामुळे तुमच्या हाताचा दोष आपोआप वगळला जातो. ग्लासातली कॉफी चांगली लागली आणि फिल्टरचीच बिघडत असेल तर ग्राइंडरला दोष देऊ नका. उंचावरून जोरात ओतल्याने किंवा चमच्याने ढवळल्याने पीठ उठून कागदाच्या तळाशी जाऊन बसतं आणि भोकं बुजवतं. केटलीची चोच पाण्याच्या जवळ आणा, ढवळणं बंद करा, दोन-तीनदाच ओता. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण इथूनच परत जातात.

ग्लासातही आंबट-तुरट लागलं तर पुढे चला. या पोराच्या ग्लासात तुरटपणा स्पष्ट होता.

दुसरी: पाणी

आपल्याकडे हा मुद्दा सोडून चालतच नाही. मराठवाड्यात बोअरचं पाणी बेसॉल्टच्या खडकातून येतं आणि बरंच जड असतं. टँकर कुठून भरला यावर रोजचं पाणी बदलतं. घरात जार असेल तर तो बहुतेक आरओचा, म्हणजे उलट टोक. जड पाण्यातला बायकार्बोनेट कॉफीचा आंबटपणा मारून टाकतो आणि कप खडूसारखा लागतो. फार हलक्या पाण्यात आंबटपणा टोकदार होतो.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो जडपणा वेगळा मोजत नाही, विरघळलेलं सगळं मिळून मोजतो, पण अंदाजाला पुरतो. स्पेशालिटी कॉफीवाले साधारण १५० च्या आसपासचं पाणी चांगलं मानतात. या पोराच्या बोअरचं पाणी ७८० होतं आणि जारचं ६०. पाच भाग जार आणि एक भाग बोअर मिसळलं की १८० च्या जवळ येतं. तसं करून पाहिलं. खडूची चव गेली, आणि तिच्याखाली दडलेला आंबटपणा उघडा पडला. उतरायची वेळ मात्र तेवढीच राहिली, ४ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे पाणी हा एक दोष होता, मुख्य दोष दुसराच. तुमच्या बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर मिसळण्याच्या फंदात पडू नका, नुसता जारच वापरा.

तिसरी: साफसफाई आणि कोरडी हवा

ग्राइंडरचा प्लग काढा. बटण बंद असणं पुरेसं नाही, पिन भिंतीतून बाहेर पाहिजे. बर उघडा आणि कोरड्या ब्रशने दातांच्या खाचा साफ करा. पाणी लावू नका, पोलाद गंजतं. साफसफाईच्या नावाखाली तांदूळ दळायचा सल्ला ऐकला असेल तर तोही टाळा. कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा कितीतरी कठीण असतो आणि लहान मोटारीवर फार ताण येतो.

हे करायचं कारण दोन. एक, जुनं तेलकट पीठ खाचांत घट्ट बसलं की दाताची उंची कमी होते आणि दाणा कापला जाण्याऐवजी चेंगरला जातो. चेंगरलेल्या दाण्याचं पीठ जास्त होतं. दुसरं, बरच्या मागच्या बाजूला, म्हणजे तो ज्या बैठकीवर बसतो तिथे, दाण्याचा कोंडा शिरलेला असेल तर बर तिरका बसतो. हे दुसरं कारण लोकांना माहीत नसतं, ते वरवर ब्रश फिरवतात आणि बंद करतात. बर काढून बैठक पुसली पाहिजे.

मार्च ते मे आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की दळताना वीज धरते. पीठ नळीला चिकटून राहतं आणि पुढच्या वेळी एकदम ढेकूळ होऊन पडतं, म्हणून एक कप बरा आणि एक वाईट असं होतं. दाणे मोजल्यावर चमच्याची दांडी पाण्यात बुडवून त्यांच्यात एकदा फिरवा, एखादा थेंब पुरतो, मग दळा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हा उपाय मोजूनही दाखवला. याच दिवसांत दाण्यांचा डबा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की दाणा जितका थंड तितके कण बारीक आणि एकसारखे, आणि बेचाळीस अंशांच्या दुपारी आपला डबा त्याच्या उलट दिशेने चाललेला असतो.

पोराच्या ग्राइंडरमध्ये खालच्या बरच्या मागे कोंड्याची वडी झाली होती. ती काढल्यावर वेळ ४ मिनिटं २० सेकंदांवर आली. फरक पडला, पण थोडा.

चौथी: शून्य शोधा

दोन्ही बर एकमेकांना जेमतेम टेकतात ती जागा म्हणजे शून्य. डायलवर छापलेलं शून्य आणि खरं शून्य एकच असेल असं धरू नका. हातग्राइंडर असेल तर नट हळूहळू घट्ट करत जा, दांडी आपोआप फिरायची थांबली की तिथे शून्य, आणि तिथून मागे किती टकटक होतात ते मोजा. विजेच्या ग्राइंडरमध्ये प्लग काढून बर हाताने फिरवत डायल बारीककडे न्या, घासल्याचा बारीक आवाज आला की थांबा.

उपयोग असा की साफसफाईनंतर बर पुन्हा बसवला की शून्य सरकतं. लोक जुन्याच आकड्यावर दळतात आणि बर बिघडला म्हणतात. हातग्राइंडरमध्ये स्प्रिंग किंवा वॉशर उलटा बसला तर दळता दळता नट सुटत जातो आणि दळण शेवटी जाड होत जातं. दहा दाणे दळा, नटची जागा बघा, सरकली तर जोडणीत चूक आहे.

पाचवी: चाळणी

आता दळण डोळ्यांनी बघायचं. घरातली चहाची बारीक जाळीची गाळणी आणि मैद्याची चाळणी घ्या. २० ग्रॅम दळण आधी गाळणीवर, एक मिनिट हलवा, वर राहिल्या त्या कण्या. खाली पडलेलं मैद्याच्या चाळणीवर, पुन्हा एक मिनिट, खाली पडलं ते पीठ. तिन्ही भाग दागिन्यांच्या छोट्या काट्यावर वजन करा.

घरच्या चाळण्यांची भोकं प्रमाणित नसतात, म्हणून तुमचे आकडे शेजाऱ्याच्या आकड्यांशी ताडू नका. तुमच्याच ग्राइंडरचे आधीचे आणि नंतरचे आकडे, त्याच चाळणीवर, त्याच दाण्यावर, एवढ्याच तुलनेला अर्थ आहे. या पोराचे निघाले कण्या ५.१ ग्रॅम, रवा ११.३, पीठ ३.४, बाकीचं चाळणीला चिकटलं. कण्या आणि पीठ दोन्ही एकदम जास्त दिसले की मला फट वाकडी असल्याचा संशय येतो. नुसतं पीठ जास्त असतं तर बोथट दाताकडे किंवा कॉनिकलच्या स्वभावाकडे बोट गेलं असतं.

बोथट दाताबद्दल इथेच सांगतो. घरी रोज ३० ग्रॅम दळलं तर वर्षाला अकरा किलो होतात. चांगला पोलादी बर शेकडो किलो दळतो. दोन वर्षांत धार गेली असं घरगुती ग्राहक म्हणतो तेव्हा ते सहसा खरं नसतं. अपवाद खड्याचा. कॉफीत कधीमधी खडा येतो, तो दातात सापडला की दाताचा कपचा उडतो, आणि सिरॅमिकचा बर असेल तर नक्कीच. ज्वारी निवडतो तसे दाणे ताटात पसरून एकदा नजर टाकायची सवय लावा. नवा बर असेल तर दाताच्या कडेवरची बारीक कूस झिजेपर्यंत, म्हणजे पहिले काही किलो, चव बदलत राहते, तेव्हा पहिल्या आठवड्यात निर्णय देऊ नका.

सहावी: कॉनिकलचं डुलणं

हातग्राइंडर जाड मापावर ठेवा, खालचा डबा काढा आणि उजेडाकडे धरून बघा. शंकूभोवतीची फट गोल फिरून सारखी दिसते का? आता शंकू बोटाने बाजूला ढकला. तो हलत असेल तर दांडा एकाच बेअरिंगवर टांगलेला आहे किंवा बेअरिंगची बैठक ढिली झाली आहे. शंकू एका बाजूला झुकला की तिकडे फट बारीक आणि समोरच्या बाजूला जाड होते, आणि त्याच क्षणी एकीकडून पीठ, दुसरीकडून कण्या पडतात. जाड दळणात हे जास्त जाणवतं, बारीक दळणात कमी.

स्वस्त ग्राइंडरमध्ये यावर फारसा इलाज नाही. दोन बेअरिंगचा ग्राइंडर असेल तर मधल्या आधाराचे स्क्रू किंवा चिमटा घट्ट करून बघा. काही ग्राइंडरमध्ये बाहेरची कडी मुद्दाम रबरी बैठकीवर किंचित सैल ठेवलेली असते, ती चिकटपट्टी लावून आवळू नका. डुलणं गेलं नाही तर दळण थोडं बारीक करून कॉफी भिजवून गाळायच्या पद्धतीकडे वळा. तिथे फिल्टर तुंबत नाही आणि दोष बराचसा झाकला जातो.

सातवी: फ्लॅटची समांतरता

या कामाला अर्धा दिवस काढा. आणि इथेच फ्लॅट घेणाऱ्यांचा सगळ्यात जास्त अपेक्षाभंग होतो. फ्लॅटचं एकच मोठं बलस्थान आहे, कडेची फट सगळीकडे सारखी असणं. बर तिरका बसला की ते बलस्थानच जातं. सगळ्यात अरुंद जागा टेकते म्हणून तुम्ही आणखी बारीक जाऊ शकत नाही, आणि दाण्याचे तुकडे रुंद जागेतून कण्या होऊन निसटतात. सरळ बसलेला साधा कॉनिकल अशा तिरक्या फ्लॅटपेक्षा चांगली कॉफी देतो, हे मी कपात चाखून अनेकदा पाहिलंय.

पद्धत अशी. प्लग काढलेला आहे ना, पुन्हा बघा. दोन्ही बरच्या बाहेरच्या सपाट कडेवर, जिथे शेवटचं दळलं जातं तिथे, पांढऱ्या फळ्यावरच्या मार्करने रंग लावा. बंद करा, हाताने बर फिरवत डायल बारीककडे न्या, पहिला घासल्याचा आवाज आला की एक-दोन फेरे तिथेच फिरवा. उघडा आणि रंग कुठे पुसला गेला ते बघा.

आता वाचायचं कसं. एका बरवर रंग गोल सगळीकडे पुसला आणि दुसऱ्यावर एकाच बाजूला, तर ज्याच्यावर एकाच बाजूला पुसला तोच तिरका. स्थिर बर तिरका असेल तर त्याची एक उंच जागा फिरणाऱ्या बरच्या सगळ्या कडेवर घासत जाते. फिरणारा तिरका असेल तर त्याची उंच जागा स्थिर बरची सगळी कड पुसते. इथे गल्लत झाली तर चुकीच्या बरखाली पत्री जाईल आणि दोष दुप्पट होईल.

या पोराच्या ग्राइंडरमध्ये वरचा, स्थिर बर तिरका होता. रंग साधारण एक तृतीयांश कडेवरच पुसला होता. मी आधी पत्री घातली नाही, बर काढून बैठक बघितली. एका स्क्रूच्या भोकापाशी कारखान्यातल्या रंगाचा टवका उभा होता, नखाला लागेल एवढाच. तो लाकडाच्या काडीने काढला, बैठक स्पिरिटने पुसली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत घट्ट केले, मोटारसायकलच्या चाकाचे नट आवळतो तसे. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं तर बर पुन्हा तिरका होतो. नुसत्या एवढ्यानेच रंग अर्ध्याहून जास्त पुसला जायला लागला.

उरलेल्यासाठी पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची पत्री. तिची जाडी साधारण दहा-पंधरा मायक्रॉन, म्हणजे या कामाला बरोबर. जिथे रंग राहिला ती बाजू समोरच्या बरपासून मागे दबलेली आहे, म्हणून पत्रीचा तुकडा त्याच बाजूला, बरच्या मागे, स्क्रूच्या भोकाशेजारी ठेवायचा. डाळ भरडायची असली की माझी आजी जात्याच्या मधल्या खिळीवर चिंधी घालून वरची तळी उचलायची, तसाच हा प्रकार, फक्त एका बाजूपुरता. एक थर, पुन्हा रंग, पुन्हा तपासणी. त्याला दोन थर लागले. चार वेळा उघडझाप झाली, तेव्हा दोन्ही बरवर रंग जवळपास गोल पुसला. अगदी शंभर टक्के पुसला जायलाच हवा असा हट्ट धरू नका, तीन चतुर्थांशाच्या पुढे गेलं की कपात फरक ओळखू येणं कठीण होतं. काम झाल्यावर रंग स्पिरिटने पूर्ण पुसा आणि पहिलं वीसेक ग्रॅम दळण फेकून द्या.

शून्य पुन्हा शोधलं, ते दोन खुणा सरकलं होतं. त्याच अंतरावर दळून चाळणी केली: कण्या २.८, रवा १४.४, पीठ २.६. फिल्टर २ मिनिटं ४० सेकंदांत उतरला आणि कॉफी थोडी पातळ लागली, कारण तुंबवणारं पीठ कमी झालं होतं. दळण तीन खुणा बारीक केलं, वेळ ३ मिनिटं १० सेकंद, आणि आधी ज्या बारीक मापावर कडू व्हायचं त्याहून बारीक जाऊनही तुरटपणा आला नाही. पोरानं दोन घोट घेतले आणि म्हणाला, "आता संत्र्यावानी लागायली की ओ." दाणे तेच होते, महिनाभरापूर्वी माझ्याच दुकानातून नेलेले.

कुठे थांबायचं

मोटारीतून जळका वास येतो, ग्राइंडरच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, किंवा दळताना मोटार अडकून नुसती गुणगुणते, तर लगेच प्लग काढा आणि उघडू नका. व्होल्टेज पडलेलं असताना फ्लॅट ग्राइंडर अडकतो हे आपल्याकडे होतं, तेव्हा एकदा पूर्ण दाबाच्या वेळी चालवून बघायला हरकत नाही, पण तेव्हाही अडकला तर काम मोटार दुरुस्तीवाल्याचं आहे. कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, प्लग काढल्यावरही.

फिरणारा बरच तिरका निघाला आणि बैठक पुसून फरक पडला नाही, तर दांडा वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय. बर हाताने फिरवताना खरखर लागते ती त्याचीच खूण. बेअरिंग दाबून बसवलेलं असतं, हातोड्याने ठोकून काढलं तर बैठक फुटते. पत्रीचे तीन-चार थर घालूनही रंग एकाच बाजूला पुसत असेल तरी थांबा, एवढा तिरपेपणा पत्रीने झाकायचा नसतो. वॉरंटी चालू असेल तर मी तर म्हणेन, रंगाची तपासणी करून फोटो काढा आणि पत्री न घालताच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा.

आणि बरला धार लावून घ्यायला गिरणीवाल्याकडे किंवा लेथवर नेऊ नका. जात्याला टाकी लावता येते, कारण दगडाच्या खाचा पुन्हा कोरता येतात. बरचे दात ठरावीक कोनात आणि उंचीत घडवलेले असतात, घासले की कडेचा दळणारा पट्टाच जातो. परभणीचे एक काका असाच लेथवर घासून आणलेला बर घेऊन आले होते. बर चकचकीत होता आणि दाणे नुसते चेंगरत होता. त्यांना नवी जोडी मागवावीच लागली. बैठक लेथवर सपाट करून घ्यायची वेळ आलीच, तर वाळूज किंवा चिकलठाण्याकडे डायल गेज लावून काम करणारे कारागीर आहेत. तिथे बर न देता फक्त बैठक द्या, सोबत रंग पुसल्याचा फोटो द्या, आणि किती घासायचं हे गेजवर मोजून मगच सांगा म्हणावं.